तेल तेच, टॉर्क वेगळा का? एक मिलिमीटरच्या फटीतलं गणित

द्रवयांत्रिकीच्या पुस्तकात हे गणित अर्ध्या पानात सुटतं. एकात एक असे दोन सिलिंडर, मधल्या अरुंद फटीत तेल. आतला सिलिंडर फिरवायचा, त्यासाठी लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क, मोजायचा, सूत्रात घालायचा, की तेलाची व्हिस्कॉसिटी हाती. हेच प्रत्यक्ष यंत्रावर केलं की उत्तर अपेक्षेपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त येतं आणि मग तेल खराब की यंत्र बिघडलेलं यावर वाद सुरू होतो. पुष्कळदा दोन्ही ठणठणीत असतात. यंत्रावर दिसणारा टॉर्क एकट्या फटीतल्या तेलाचा नसतो, हे मात्र विसरलेलं असतं. त्या आकड्यात तळाखालचं तेल आणि बेअरिंगचं घर्षण मिसळलेलं असतं, आणि तो आकडा नेमका कुठल्या तापमानाचा हेही पाहिलेलं नसतं. ते सगळं सुटं कसं करायचं, हे एकच यंत्र समोर ठेवून पाहू.

व्हिस्कॉसिटी म्हणजे काय मोजतो आपण?

पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरच्या पत्त्यावर हात दाबून पुढे सरकवला, तर वरचा पत्ता सर्वात जास्त सरकतो, खालचा जागेवर राहतो आणि मधले आपापल्या उंचीप्रमाणे थोडे थोडे सरकतात. फटीतल्या तेलाचं असंच होतं. फिरणाऱ्या भिंतीला चिकटलेला थर भिंतीच्याच वेगाने जातो, स्थिर भिंतीला चिकटलेला थर हलत नाही, आणि मधले थर एकमेकांवरून घसरतात. या घसरण्याला तेल जो विरोध करतं तो विरोध म्हणजे व्हिस्कॉसिटी, पुस्तकी मराठीत श्यानता.

दोन भिंतींच्या वेगातला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर, याला शीअर रेट म्हणतात. भिंतीच्या दर चौरस मीटरवर तेल जितक्या जोराने मागे ओढतं, त्या ओढीला शीअर रेटने भागलं की व्हिस्कॉसिटी मिळते. तिचं एकक पास्कल-सेकंद. २० अंश सेल्सिअसला पाण्याची व्हिस्कॉसिटी साधारण ०.००१ पास्कल-सेकंद असते. मध्यम जाडीच्या यंत्रतेलाची त्याच तापमानाला पाण्याच्या काहीशे पट.

आपलं यंत्र

पुढचं सगळं गणित या मापांवर चालेल. आतल्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ४०. बाहेरच्या कपाचा आतला व्यास ८२, म्हणजे त्रिज्या ४१. फट १ मिलिमीटर. आतल्या सिलिंडरची तेलात बुडालेली उंची १२० मिलिमीटर, आणि त्याचा सपाट तळ कपाच्या तळापासून १ मिलिमीटर वर. कप स्थिर आहे, आतला सिलिंडर मोटर मिनिटाला ६० फेऱ्यांनी फिरवते, आणि टॉर्क मोजणारं साधन त्याच दांड्यावर बसवलेलं आहे.

मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे सेकंदाला एक, म्हणजेच कोनीय वेग ६.२८३ रेडियन प्रति सेकंद. आतल्या सिलिंडरचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे पाव मीटर वेगाने सरकतो. एवढ्या वेगाला १ मिलिमीटरने भागलं की शीअर रेट सेकंदाला सुमारे २५० येतो.

फट एवढी अरुंद कशासाठी, हा रास्त प्रश्न आहे. फटीत आतून बाहेर जाताना टॉर्क सगळीकडे सारखाच राहतो. पण त्रिज्या वाढते, म्हणून दर चौरस मीटरवरची ओढ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जाते. आपल्या यंत्रात आतल्या आणि बाहेरच्या भिंतीवरच्या ओढीत सुमारे ५ टक्क्यांचाच फरक पडतो. कपाची त्रिज्या ४१ऐवजी ८० मिलिमीटर घेतली असती, तर आतली ओढ बाहेरच्या चौपट झाली असती. मग ‘या तेलाचा शीअर रेट अमुक होता’ असा एक आकडा सांगताच आला नसता. फट अरुंद असली की सगळं तेल जवळपास एकाच अवस्थेत असतं आणि भिंतीची वक्रता विसरून सरळ पट्ट्यांचं गणित करता येतं.

टॉर्कच्या सूत्रात त्रिज्येचा घन कुठून आला?

सूत्र असं आहे:

```
T = 2 × π × μ × ω × R³ × L ÷ h
```

T म्हणजे टॉर्क, μ व्हिस्कॉसिटी, ω कोनीय वेग, R त्रिज्या, L बुडालेली उंची आणि h फट. घन पाहून दचकायला नको; तो तीन निरनिराळ्या जागांहून येतो. त्रिज्या वाढली की पृष्ठभागाचा वेग वाढतो, ही एक. तेल लागलेलं क्षेत्रफळ वाढतं, ही दुसरी. आणि तीच ओढ अक्षापासून जास्त अंतरावर लागू होते, म्हणून तिचा पीळ वाढतो, ही तिसरी.

पण त्रिज्या कुठली घ्यायची, आतली की बाहेरची?

पुस्तकात बहुधा आतली घेतलेली असते आणि ‘फट अरुंद असल्याने फरक नगण्य’ असं म्हणून पुढे जातात. तो फरक तितका नगण्य नाही. वक्रता धरून केलेलं अचूक सूत्रही उपलब्ध आहे, यात R1 म्हणजे आतली त्रिज्या आणि R2 म्हणजे बाहेरची:

```
T = 4 × π × μ × ω × L × R1² × R2² ÷ (R2² − R1²)
```

आपली मापं दोन्ही सूत्रांत घालून पाहिली, तर आतली ४० मिलिमीटरची त्रिज्या वापरलेलं सोपं सूत्र टॉर्क ३.६ टक्क्यांनी कमी सांगतं. टॉर्क कमी सांगणारं सूत्र उलटं वापरून व्हिस्कॉसिटी काढली की ती तेवढीच जास्त येते, सुमारे ३.८ टक्के. पण त्याच सोप्या सूत्रात फटीच्या मधोमधची त्रिज्या, ४०.५ मिलिमीटर, घातली तर अचूक सूत्रापासूनचा फरक ०.०३ टक्क्यांवर येतो. एवढ्या सोप्या बदलाने इतकी अचूकता मिळत असताना आतली त्रिज्या वापरत राहणं हा निव्वळ आळस आहे.

मधली त्रिज्या घेऊन गणित केलं की आपल्या यंत्रासाठी, मिनिटाला ६० फेऱ्यांवर, बाजूच्या फटीचा टॉर्क व्हिस्कॉसिटीच्या ०.३१४७ पट येतो. व्हिस्कॉसिटी पास्कल-सेकंदात, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये. हा आकडा पुढे लागणार आहे.

तळाखालचं तेल कोण मोजणार?

सूत्र फक्त बाजूच्या फटीचं आहे. सिलिंडरच्या तळाखाली मात्र तेल आहेच आणि तेही ओढतं. तिथे मध्यावर वेग शून्य आणि कडेला सर्वात जास्त, म्हणून ओढ मध्यापासून कडेकडे वाढत जाते. ती सगळी जोडली की तळाचा टॉर्क असा येतो, यात c म्हणजे तळाची फट:

```
T_b = π × μ × ω × R⁴ ÷ (2 × c)
```

इथे त्रिज्या आतल्या सिलिंडरची, ४० मिलिमीटर, कारण तळाची चकती तेवढीच आहे. आपल्या मापांसाठी हा टॉर्क व्हिस्कॉसिटीच्या ०.०२५३ पट भरतो, बाजूच्या टॉर्कच्या ८ टक्के. म्हणजे तळ विसरला तर उत्तर ८ टक्क्यांनी फुगतं. चूक नेहमी एकाच दिशेने, वरच. त्यामुळे प्रयोग दहा वेळा करून सरासरी काढली तरी ती जात नाही.

यावर यंत्र बनवणाऱ्यांचे दोन उपाय आहेत. एक, तळाची फट मोठी ठेवणं. ती १ऐवजी १० मिलिमीटर केली, तर तळाचा वाटा साधारण दहावा हिस्सा होतो, एका टक्क्याच्याही खाली. दुसरा, सिलिंडरचा तळ वाटीसारखा आत घेतलेला ठेवणं. बुडवताना तिथे हवा अडकून राहते आणि चकतीच्या बहुतेक भागाला तेल लागतच नाही. सपाट तळाच्या सिलिंडरखाली हीच हवा नकळत अडकली, तर मात्र घोटाळा होतो. आपण तळाचे ८ टक्के वजा करतो आणि प्रत्यक्षात ते टॉर्कमध्ये आलेलेच नसतात.

एक प्रत्यक्ष वाचन

आता मोजू. आधी कप रिकामा ठेवून सिलिंडर ६० फेऱ्यांवर फिरवायचा. तेल नाही, तरी टॉर्क ०.००३५ न्यूटन-मीटर दिसतो. हे बेअरिंगचं घर्षण. मग तेल भरून, तापमान स्थिर झाल्यावर त्याच वेगाला वाचन घ्यायचं. समजा ते ०.०७१५ न्यूटन-मीटर आलं.

घर्षण वजा केलं की ०.०६८० उरतात. हा टॉर्क बाजू आणि तळ मिळून आहे, आणि दोन्ही एकाच तेलाचे असल्याने त्यांचे गुणक सरळ मिळवता येतात: ०.३१४७ अधिक ०.०२५३, म्हणजे ०.३४००. आता ०.०६८० ला ०.३४०० ने भागलं की व्हिस्कॉसिटी ०.२०० पास्कल-सेकंद.

तळ विसरला असता, तर ०.०६८० भागिले ०.३१४७, म्हणजे ०.२१६ आलं असतं. घर्षणही विसरलं असतं तर ०.२२७, खऱ्यापेक्षा साडेतेरा टक्के जास्त. सुरुवातीला सांगितलेला दहा-पंधरा टक्क्यांचा फरक बहुतेक वेळा इथून येतो.

एकाच वेगाच्या वाचनावर मात्र विसंबू नये. २०, ४० आणि ६० फेऱ्यांवर वाचनं घेऊन आलेखावर मांडावीत. आपल्या तेलाची ती अनुक्रमे ०.०२६२, ०.०४८८ आणि ०.०७१५ यायला हवीत. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेवर बसतात, आणि रेषा मागे वाढवली की वेग शून्य असताना टॉर्कच्या अक्षाला ०.००३५ वर छेदते. हे छेदणं म्हणजे वेगावर अवलंबून नसलेलं घर्षण, आणि रेषेचा चढ म्हणजे तेल. रिकाम्या यंत्राचं वाचन आणि हा छेद जुळले नाहीत, तर आधी बेअरिंग आणि तेलाला अडवणारं सील तपासावं. तेल भरल्यावर सील जास्त घासतं आणि रिकाम्या वाचनात ते कधी दिसत नाही.

घर्षण आणि तळ, दोन्ही एकदम काढून टाकता येतात का?

येतात, आणि ही युक्ती वापरायला हवी तितकी वापरली जात नाही. तेल आधी अर्ध्या उंचीपर्यंत, ६० मिलिमीटर, भरून वाचन घ्यायचं. मग १२० मिलिमीटरपर्यंत भरून त्याच वेगाला, त्याच तापमानाला दुसरं. दोन्ही वाचनांत तळ तोच आणि बेअरिंग तेच. म्हणून वजाबाकी केली की उरतो तो फक्त वरच्या ६० मिलिमीटर फटीचा टॉर्क.

आपल्या उदाहरणात पहिलं वाचन ०.०४०० आणि दुसरं ०.०७१५. फरक ०.०३१५. साठ मिलिमीटरसाठी गुणक ०.३१४७ चा निम्मा, ०.१५७४. भागाकार पुन्हा ०.२००. तळाचं सूत्र वापरलं नाही, रिकामं यंत्र फिरवलं नाही, तरी उत्तर तेच.

यात सांभाळायची गोष्ट म्हणजे तेलाची उंची. अरुंद फटीत उंची झपाट्याने बदलते: दर मिलिमीटर उंचीला जेमतेम पाव मिलिलिटर तेल लागतं, आणि ६० मिलिमीटर चढवायला १५.३ मिलिलिटर पुरतं. म्हणून पातळी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा सिरिंजने मोजून तेल घालणं बरं. एक मिलिलिटर कमी पडलं तर पातळी ४ मिलिमीटरने खाली राहते आणि टॉर्क ३ टक्क्यांहून जास्त घटतो. क्रमही कमी उंचीकडून जास्तीकडेच ठेवावा. उलटं केलं तर काढून घेतलेल्या तेलाचा थर भिंतीवरून बराच वेळ ओघळत राहतो आणि पातळी ठरत नाही.

पूर्ण भरायला या यंत्राला तळासकट सुमारे ३६ मिलिलिटर तेल लागतं. उंचीची युक्ती करायची नसेल तर एवढं तेल आधी कपात ओतून सिलिंडर वरून सावकाश उतरवावा, म्हणजे तेल फटीतून वर चढतं आणि हवा पुढे ढकलली जाते. सपाट तळ टेकताना किंचित तिरका धरला तर खालची हवा एका कडेने निसटते. मग बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं. फटीत बुडबुडे राहिले की वाचन एका आकड्यावर स्थिरावत नाही, थरथरत राहतं.

सगळ्यात जास्त धोका कुठल्या मापात?

सूत्रात त्रिज्येचा घन आहे, म्हणून त्रिज्या सर्वात काळजीने मोजायला हवी असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. व्हर्नियरने ८० मिलिमीटर व्यास मोजताना ०.०२ मिलिमीटरची चूक झाली, तर ती ०.०२५ टक्का, घनामुळे तिप्पट होऊनही एका टक्क्याच्या दहाव्या भागाहून कमीच. पण फट आपण थेट मोजत नाही. दोन व्यासांच्या वजाबाकीचा निम्मा ती असते. दोन्ही व्यासांत ०.०२ ची चूक विरुद्ध दिशांना झाली, तर फटीत ०.०२ मिलिमीटरची चूक होते, म्हणजे सरळ २ टक्के, आणि ती जशीच्या तशी व्हिस्कॉसिटीत उतरते. फट १ऐवजी ०.२ मिलिमीटर असती तर तीच चूक १० टक्क्यांची झाली असती.

अरुंद फटीचं गणित सोपं असतं, पण ती अचूक मोजणं तितकंच अवघड. म्हणूनच जाणकार फट मोजत बसत नाहीत. ज्याची व्हिस्कॉसिटी प्रमाणित करून दिलेली आहे असं तेल त्याच तापमानाला यंत्रात फिरवतात आणि टॉर्क भागिले व्हिस्कॉसिटी हा गुणक थेट काढून ठेवतात. आपल्या यंत्रात तो ०.३४०० यायला हवा. वेगळा आला तर खरा तोच धरायचा. मापांवरून काढलेला आकडा फार तर ताळा म्हणून ठेवायचा.

सिलिंडर अगदी मध्यभागी नसला तर?

थोडं चालतं. एका बाजूला फट कमी झाली की तिथे ओढ वाढते, दुसऱ्या बाजूला फट वाढते आणि ओढ कमी होते. दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांना खातात. सिलिंडर ०.१ मिलिमीटरने सरकलेला असेल, म्हणजे फटीच्या दहाव्या हिश्शाने, तर दांड्यावरचा टॉर्क फार तर २ टक्क्यांनी वाढतो. पण ही वाढ सरकण्याच्या वर्गाने होते. फटीच्या निम्म्याने सरकला तर टॉर्क दीडपटीपर्यंत जाऊ शकतो, कारण अरुंद बाजूकडे ओढलं जाणारं तेल तिथे दाबही तयार करतं. नेमकं हेच तत्त्व साध्या बेअरिंगला भार पेलू देतं. व्हिस्कॉमीटरमध्ये ते नको असतं.

कायम एका बाजूला सरकलेला सिलिंडर स्थिर पण जास्त वाचन देतो, म्हणून तो लवकर पकडला जात नाही. तो फीलर गेजने चार बाजूंना फट तपासूनच कळतो. दांडा वाकलेला असेल तर वाचन बहुधा दर फेरीला एकदा वरखाली होतं. आपल्या वेगाला म्हणजे सेकंदाला एकदा, आणि ते डोळ्यांना सहज दिसतं.

मग जास्त वेगाने फिरवून मोठं वाचन घेतलं तर बरं नाही का?

लहान टॉर्कपेक्षा मोठा टॉर्क अचूक मोजता येतो, हे खरं. पण तेल घासलं की तापतं, आणि खनिज तेलाची व्हिस्कॉसिटी नेहमीच्या तापमानाच्या आसपास दर अंशाला ५ ते ६ टक्क्यांनी उतरते. म्हणजे अर्ध्या अंशाची चूक ही फटीच्या सगळ्या काळजीवर पाणी फिरवणारी.

आपल्या यंत्रात ६० फेऱ्यांवर तेलात मुरणारी शक्ती, टॉर्क गुणिले कोनीय वेग, सुमारे ०.४ वॅट आहे. फटीत २७ ग्रॅमच्या आसपास तेल आहे आणि ते एक अंश तापवायला साधारण ५० ज्यूल लागतात. उष्णता कुठेच गेली नाही असं धरलं तरी तेल मिनिटाला अर्ध्या अंशाहून कमी तापेल. प्रत्यक्षात भिंती ती शोषून घेतात. आता वेग दहापट, ६०० फेऱ्या करा. शक्ती शंभरपट होते, ४० वॅट. तेच तेल सेकंदाला पाऊण अंशाने तापू पाहतं.

बाहेरच्या कपाभोवती ठरलेल्या तापमानाचं पाणी फिरवलं तरी यातून पूर्ण सुटका नाही. आतल्या फिरत्या सिलिंडरमधून उष्णता बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती सगळी तेलातून कपाकडेच जाते. या स्थितीत ६०० फेऱ्यांवर आतल्या भिंतीजवळचं तेल कपाच्या भिंतीपेक्षा साडेचार अंशांनी गरम राहतं; ६० फेऱ्यांवर हाच फरक एका अंशाच्या विसाव्या भागाइतका. थर्मामीटर कपात बसवलेला असेल, तर तो पहिल्या स्थितीत चुकीचं तापमान दाखवत असतो आणि व्हिस्कॉसिटी खऱ्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी येते.

हे ओळखायची चाचणी सोपी आहे. वेग पायरीपायरीने वाढवत न्या आणि त्याच पायऱ्यांनी खाली आणा. उतरतानाची वाचनं चढतानाच्या वाचनांपेक्षा कमी आली आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा वर गेली, तर तेल तापलं होतं. ‘वेग वाढवला की हे तेल पातळ होतं’ असा निष्कर्ष काढायच्या आधी ही चाचणी झालेली असावी.

पातळ द्रव असेल तर हेच यंत्र चालेल?

इथे चूक दुसऱ्याच बाजूने येते. आतला सिलिंडर फिरत असताना त्याच्याजवळचा वेगवान द्रव बाहेर फेकला जाऊ पाहतो. जाड तेलाची व्हिस्कॉसिटी त्याला आवरून धरते. पातळ द्रवात ते जमत नाही. एका मर्यादेपुढे फटीत एकावर एक रचलेली गोल भोवऱ्यांची वेटोळी तयार होतात. जेफ्री टेलर यांनी १९२३ मध्ये ही मर्यादा गणिताने आणि प्रयोगाने दाखवून दिली. अरुंद फटीसाठी ती अशी लिहितात, यात U म्हणजे आतल्या भिंतीचा वेग आणि ρ म्हणजे घनता:

```
(ρ × U × h ÷ μ) × √(h ÷ R) ≈ 41
```

आपल्या तेलासाठी, ६० फेऱ्यांवर, डावी बाजू ०.२ च्या आत आहे. ६०० फेऱ्यांवरही २ च्या खाली. काळजी नाही. पण कुणी यंत्राचा गुणक काढायला सहज मिळतं म्हणून पाणी घेतलं, तर याच ६० फेऱ्यांवर तीच बाजू ४० च्या जवळ जाते. थोडा वेग वाढवला की भोवरे सुरू, टॉर्क सूत्रापेक्षा जास्त, आणि काढलेला गुणक चुकीचा. शिवाय पाण्याचा टॉर्क आपल्या तेलाच्या दोनशेव्या भागाएवढा, बेअरिंगच्या घर्षणापुढे नगण्य. तेव्हा ताळा तेलानेच करावा.

बाहेरचा कप फिरवून आतला सिलिंडर स्थिर ठेवला, तर हे भोवरे उठत नाहीत, कारण वेगवान द्रव आधीच बाहेरच्या बाजूला असतो. मॉरिस क्वेट यांनी १८९० मध्ये असंच यंत्र वापरलं होतं: बाहेरचा सिलिंडर फिरता, आतला तारेला टांगलेला, आणि तारेच्या पिळावरून टॉर्क. न फिरणाऱ्या भागावर टॉर्क मोजल्याने मोटरच्या बेअरिंगचं घर्षणही वाचनात येत नाही. मग सगळीच यंत्रं तशी का नाहीत? कप फिरवायचा म्हटलं की त्याच्याभोवती तापमान राखणारं पाणी फिरवणं कटकटीचं होतं. तेलाच्या बाबतीत तापमान जास्त महत्त्वाचं, म्हणून आतला फिरवणारी यंत्रं चालतात.

डब्यावर १०० लिहिलंय, मला ०.२०० मिळालं. कोण खरं?

बहुधा दोघंही. औद्योगिक तेलावरचा १०० हा क्रमांक ४० अंश सेल्सिअसच्या व्हिस्कॉसिटीचा असतो, आणि तो चौरस मिलिमीटर प्रति सेकंदात, म्हणजे घनतेने भागलेल्या व्हिस्कॉसिटीचा. आपलं ०.२०० पास्कल-सेकंद घनतेने, समजा ८८० किलो प्रति घनमीटर, भागलं की २२७ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद येतात. वाचन २७ अंशांच्या आसपास घेतलेलं असेल, तर १०० क्रमांकाच्या तेलासाठी हे ठीकच आहे. ४० अंशांवरून १३ अंश खाली आलं की व्हिस्कॉसिटी दुपटीच्या वर जाते. शिवाय त्या क्रमांकाला दोन्ही बाजूंना १० टक्क्यांची मुभा असते: ९० ते ११० मधलं कुठलंही तेल १०० क्रमांकाचंच. तुलना करायचीच असेल तर कप ४० अंशांवर आणून, तिथे पुरेसा वेळ ठेवून वाचन घ्यावं. तेव्हा टॉर्क निम्म्याखाली गेलेला असेल आणि बेअरिंगच्या ०.००३५ चा वाटा दुपटीहून जास्त झालेला असेल, म्हणून घर्षणही त्या तापमानाला पुन्हा मोजावं लागेल.

हे सगळं गणित एका अटीवर उभं आहे: तेलाची व्हिस्कॉसिटी शीअर रेटने बदलत नाही. साध्या खनिज तेलाला ही अट आपल्या वेगांवर लागू पडते. मल्टिग्रेड इंजिन तेलात पॉलिमर मिसळलेले असतात आणि फार मोठ्या शीअर रेटला त्यांचे लांबट रेणू प्रवाहाच्या दिशेने ओढले जाऊन तेल पातळ वागतं. इंजिनच्या बेअरिंगमध्ये शीअर रेट सेकंदाला दहा लाखांच्या घरात जातो, आपल्या यंत्रात २५०. त्यामुळे अशा तेलाचं इथलं वाचन बरोबर असलं तरी बेअरिंगमध्ये ते तेल कसं वागेल हे त्यावरून सांगता येत नाही. तिथल्या शीअर रेटपर्यंत पोहोचायला मायक्रोमीटरमध्ये मोजावी लागणारी फट, कित्येक पट वेग आणि तापमान राखायची वेगळी सोय असलेलं यंत्र लागतं.